टकळीवर दुपदरी लोकर: कातण्यापासून सरळ लटकणाऱ्या लडीपर्यंतच्या नोंदी

३ जून

हाताशी ७० ग्रॅम लोकर आहे. धुतलेली, विंचरलेली, पेळू करून आलेली. एक तंतू सुटा करून मोजला तर साधारण १० सेंटिमीटर. टकळी लाकडी, चकती वरच्या बाजूला, आकडा असलेली, वजन ४२ ग्रॅम. ६० ग्रॅमचं दुपदरी सूत करायचं आणि १० ग्रॅम चुकांसाठी सोडायचे, असा बेत आहे. आत्यासाठी टोपी विणायची आहे. गेल्या वर्षी मी एकेरी सुताची विणून दिली होती, ती डोक्यावर घातली की आपोआप तिरकी व्हायची. आत्या म्हणाली, "टोपी छान आहे गं, पण ती सारखी मागे वळून बघते."

तेव्हा ह्या खेपेला दोन पदर, आणि पदरांचा पीळ एकमेकांना तोलून धरणारा. नोंदी त्यासाठीच ठेवतेय.

आज फक्त पेळू उभा फाडून बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या केल्या. पट्टी जाड राहिली की कातताना हात तंतू ओढत बसतो आणि टकळी तोवर उलटी फिरायला लागते.

४ जून

दोन तासांत टकळी अकरा वेळा खाली पडली. आधी वाटलं, टकळीच जड आहे. मग तुटलेली टोकं खिडकीशी नेऊन नीट पाहिली, आणि तिथे उत्तर मिळालं. अकरापैकी नऊ वेळा टोक कुंचल्यासारखं निमुळतं होतं, तंतू एकमेकांवरून सरकून सुटलेले. म्हणजे तिथे पीळ पोचलाच नव्हता. दोनदा मात्र टोक आखूड, कडक आणि गुंडाळलेलं होतं. तिथे सूत खूप बारीक होऊन सगळा पीळ त्याच जागी साठला होता आणि सूत तडकलं होतं. दोन्ही वेळा टकळी जमिनीवरच येते, पण उपाय उलटे आहेत. पहिल्यात पीळ वाढवायचा, दुसऱ्यात बारीक जागा होऊच द्यायची नाही.

पीळ स्वभावाने बारीक जागी पळतो. जाड जागा फुगीर, सैल राहते. म्हणून सुतात एक गाठोडं आणि त्याशेजारी एक तारेसारखा तुकडा दिसला, तर तिथे पीळ आणखी भरून काही होत नाही. गाठोड्याच्या दोन्ही बाजूंना चिमूट धरायची, मधला पीळ किंचित उलटा सोडायचा आणि हलकं ओढायचं. तंतू पसरले की पीळ आपण होऊन आत शिरतो.

दुसरी चूक हातांची. दोन्ही हात ६-७ सेंटिमीटरवर ठेवून ओढत होते आणि पेळू दगडासारखा घट्ट वाटत होता. तंतूच १० सेंटिमीटरचे, तेव्हा दोन्ही टोकं माझ्याच मुठीत. हात १२-१३ सेंटिमीटर दूर नेले आणि पेळू लोण्यासारखा सुटायला लागला. ह्या एका गोष्टीत पहिला पाऊण तास गेला.

५ जून

फिरती टकळी हवेत ठेवून एकाच वेळी तंतू ओढायचा नाद सोडला. आज टकळीला झटका द्यायचा, सुतात पीळ भरू द्यायचा, मग ती गुडघ्यांत धरून थांबवायची आणि साठलेला पीळ हळूहळू नव्या तंतूंत सोडायचा. वेग निम्मा झाला, पण दीड तासात टकळी एकदाच पडली. हाताला सवय होईस्तोवर असंच करणार.

७ जून

आज सूत कमी आणि तपासण्या जास्त केल्या. पुढे सगळं ह्याच दिवसाच्या जोरावर वाचलं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न असा, की एकेरी सुतात पीळ किती द्यायचा हे ठरवायचं कसं? अंदाजावर सोडलं तर सकाळचं सूत सैल आणि संध्याकाळचं कडक, असं होतं. म्हणून हे केलं: नुकतंच कातलेलं वीतभर सूत, अजून टकळीला जोडलेलं असतानाच, सैल सोडलं. ते लगेच स्वतःवर दुमडून गुंडाळलं गेलं. जे तयार झालं ते नेमकं आपलं पुढचं दुपदरी सूत. ताज्या पिळाने स्वतः ठरवलेलं, आपला हात न लागलेलं.

असे चार तुकडे करून पाहिले. पहिला फारच सैल, गुंडाळी लांबलांब आणि मध्ये फटी. चौथा इतका कडक की दोरीसारखा लागला आणि टोकाला पुन्हा वळ्या पडल्या. तिसरा हवा तसा: भरीव, मऊ, फट नाही. तो तोडून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन्ही टोकं चिकटवून ठेवला. शेजारी मूळ एकेरी सूतही, ताणून. नंतर मोजपट्टी लावून दुमडलेल्या तुकड्यावरचे उंचवटे मोजले. एका इंचात १०.

दोन पदरी सुतात एक पूर्ण फेरा एका बाजूने पाहिला तर दोन उंचवटे दिसतात, एकेका पदराचा एकेक. म्हणजे १० उंचवटे म्हणजे इंचाला ५ फेरे. दुपदरीतला पीळ एकेरीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो असा ढोबळ हिशोब धरतात, त्यानुसार एकेरीत इंचाला साडेसात फेरे आहेत. पण ते मी मोजत बसले नाही. पुठ्ठा पुरे.

हा पुठ्ठा आता खुर्चीच्या पाठीला दोऱ्याने बांधला आहे. दर दहा-बारा हात सूत झालं की ताजं वीतभर सैल सोडायचं, पुठ्ठ्याशेजारी धरायचं, जुळलं तर पुन्हा ताणून पुढे.

८ ते १५ जून

रोज तासभर. एकूण साडेआठ तास. ३० ग्रॅमचे दोन वाटे तोलून आधीच वेगळे केले होते.

रोजचं लिहिण्यासारखं फार नाही. एक गोष्ट मात्र पुठ्ठ्यामुळे पकडली गेली. दांडीवर गुंडाळलेल्या सुताची कुकडी भरत गेली तशी टकळी जड झाली आणि तेवढ्याच झटक्यात जास्त वेळ फिरायला लागली. माझा हात मात्र पहिल्याच लयीत तंतू सोडत होता, त्यामुळे दर हातभर सुतात पीळ वाढत चालला होता. डोळ्यांना सूत सारखंच दिसत होतं. सैल सोडलेल्या तुकड्यावर १० ऐवजी १३ उंचवटे आले तेव्हा कळलं. उपाय सोपा: कुकडी अर्धी झाल्यावर टकळी पूर्ण थांबायची वाट बघायची नाही, आधीच धरायची.

दुसरं, पहिला वाटा ११ तारखेला संपला आणि दुसरा १५ला. पहिला वाटा फाळक्यावर मोजला तर १२८ मीटर, दुसरा १४१. वजन तेच, म्हणजे दुसरा बारीक झाला. हात सरावला की सूत बारीक होत जातं. पुढच्या वेळी दोन्ही वाटे एकाआड एक दिवस कातेन, म्हणजे बारीकपणा दोन्हींत सारखा वाटला जाईल.

१७ जून

दोन्ही एकेरी सुतं लडींतून सोडवली, दोन डब्यांत टाकली आणि तिथूनच एकत्र पिळायला घेतली. आठव्या मिनिटाला एक सूत डब्याच्या तळाशी स्वतःभोवती वळून इतकं गुंतलं की सोडवायला चाळीस मिनिटं लागली. पिळाचं सूत सैल पडलं की ते वळ्या घालणारच, ते सैल पडेल असं ठेवायचंच नाही.

आता दोन्ही सुतं एकत्र, सारख्या ताणाने, एकाच गुंड्यात गुंडाळली. चुरगळलेल्या कागदाचा गोळा मध्ये ठेवला. गुंडा करताना पीळ द्यायचा नाही, फक्त दोघांना शेजारी बसवायचं. ह्याला तासभर लागला, पण नंतर एकदाही गुंता झाला नाही. गुंडा वाटीत गडगडतो, दोन्ही सुतं बरोबरीने ताठ येतात. १२८ मीटरचं सूत संपल्यावर दुसऱ्याचं १३ मीटर उरलं, ते वेगळं ठेवलं.

१८ जून

आज दोन चुका. एक हसण्यासारखी, दुसरी महाग.

हसण्यासारखी आधी. पहिल्या सहा मीटरना पीळ देताना टकळी सवयीने त्याच दिशेने फिरवली, म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. एकेरीही तसंच कातलं होतं. सूत भरीव होण्याऐवजी तारेसारखं कडक होत गेलं, उंचवटे उठेनात, आणि सोडलं की वळ्या पडायला लागल्या. कातताना ज्या दिशेने फिरवलं त्याच्या उलट दिशेने पदर पिळायचे, हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. तीन मीटर वाचले, तीन कापून टाकावे लागले. आता चकतीवर खडूने बाण काढला आहे.

मग ४५ मीटर उलट्या दिशेने पिळले. दर हातभर सूत झालं की दुमडून सैल सोडत होते. गुंडाळलं गेलं की पीळ जास्त झाला असं समजून थोडा कमी करत होते. सरळ लटकलं की खूश. टकळी भरली, लड केली, हातात धरली. सरळ, अजिबात वळ नाही. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवली, टॉवेलात दाबली, वाळत घातली आणि झोपले.

१९ जून

सकाळी लड दोरीसारखी स्वतःभोवती वळून बसलेली. साडेतीन वेढे.

२० जून

कालचा दिवस रुसण्यात गेला, आज विचार केला.

चूक तपासणीत होती. एकेरी सूत टकळीवर आणि लडीत काही दिवस पडून राहिलं की त्यातला पीळ झोपी जातो. पीळ कुठे जात नाही, फक्त लोकर त्या आकाराला सवकते आणि उसळी दिसेनाशी होते. मी पिळत होते तेव्हा एकेरीतला पीळ तीन ते दहा दिवसांचा झोपलेला, आणि पदरांचा पीळ त्या क्षणी ताजा, जागा. दोघांची रस्सीखेच होती, पण एका बाजूचे गडी झोपलेले. साहजिकच थोड्याशा पदर-पिळातच सूत सरळ लटकलं आणि मी थांबले. पाण्यात गेल्यावर झोपलेले उठले.

म्हणजे टकळीवरून उतरलेलं, शिळ्या एकेरीचं दुपदरी सूत सरळ लटकत असेल, तर त्यात पीळ बहुतेक कमीच आहे. नीट तोललेलं सूत त्या वेळी थोडं जास्त पिळलेलं दिसायला हवं. ही गोष्ट मला उलटी वाटत होती, म्हणून ठळक लिहून ठेवतेय.

खात्री दोन मार्गांनी केली. एक, पुठ्ठा. खुर्चीवरचा तुकडा ताज्या पिळाने बनलेला, त्यावर इंचाला १० उंचवटे. ह्या ४५ मीटरवर मोजले तर ७. गुन्हा सिद्ध. दोन, लड कुठल्या बाजूला वळली आहे ते पाहिलं. उलट्या दिशेने पिळलेल्या दुपदरीत पदरांच्या रेषा वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरतात. लडीचे वेढेही त्याच उताराचे होते. पदरांच्याच दिशेने लड वळत असेल तर सूत अजून पदर-पीळ मागतंय. वेढे विरुद्ध उताराचे असते तर पीळ जास्त झाला असता आणि थोडा सोडावा लागला असता. ही खूण मी आधी नेहमी उलटी लावायचे.

किती वाढवायचा, हाही हिशोब निघाला. ७ उंचवटे म्हणजे इंचाला साडेतीन फेरे, हवे पाच. कमी पडले दीड. मी एका वेळी साधारण २४ इंच सूत ताणून धरते, म्हणजे प्रत्येक ताणाला ३६ फेरे कमी. टकळीचे फेरे मोजण्यासाठी चकतीवर खडूचा ठिपका आणि मोबाइलवर संथ गतीचं चित्रण. एका नेहमीच्या झटक्यात पहिल्या दहा सेकंदांत सुमारे ४० फेरे होतात. म्हणजे प्रत्येक ताणाला आणखी एक झटका. बस.

एवढ्या सोप्या आकड्यासाठी लड वाया जायची वेळ आली होती.

२१ जून

वाळलेली लड सोडवून गुंडा केला आणि ४५ मीटर पुन्हा टकळीवरून काढले. त्याच उलट्या दिशेने, ताणाला एक झटका, दहा सेकंद, गुंडाळणे. पाऊण तास लागला. मध्ये मध्ये मोजपट्टी लावली: १०, १०, ९, ११. चालेल.

२२ आणि २३ जून

उरलेले ७० मीटर. आता प्रत्येक २४ इंचांच्या ताणाला तीन झटके, दहा-दहा सेकंद. सरळ लटकतंय का, हे बघणं पूर्ण बंद. तसं बघितलं असतं तर थोडं जास्त वळलेलंच दिसलं असतं आणि माझा धीर सुटला असता. फक्त उंचवटे मोजले. पावणेदोन तास लागले.

टकळी इथे खरंच हलकी पडली. दोन पदरांचं वजन वाढलं की ४२ ग्रॅमची टकळी भरल्यावर डगमगते, म्हणून मधे एकदा कुकडी काढून नवी सुरू केली. दोन तुकडे जोडताना गाठ मारली नाही. टोकांवरचे पदर चारेक इंच उकलले, एकमेकांत सरकवले आणि पुन्हा पिळले. विणताना गाठ बोटाला लागते, असा जोड लागत नाही.

२४ जून

धुण्याआधी लड चार जागी बांधली. बांधणी आडवी-उभी आठाच्या आकड्याची आणि सैल, कारण घट्ट बांधलं तर त्या जागी पाणी पोचत नाही आणि तिथला पीळ झोपलेलाच राहतो. पाणी कोमट. साबण थेंबभर. चोळलं नाही, पिळलं नाही, पाणी गरम-गार असं बदललं नाही. लोकरीचा गोळा व्हायला एवढं पुरतं. टॉवेलात गुंडाळून दाबली, मग दोन्ही हातांत धरून चार-पाच वेळा जोरात ताणून झटकली. त्याने पीळ सुतभर सारखा पसरतो.

वाळताना खाली वजन टांगलेलं नाही. वजन टांगलं की कुठलंही सूत सरळ वाळतं. पण विणल्यावर पहिल्याच धुण्यात ते आपला खरा स्वभाव दाखवतं. मला तो आत्ताच बघायचा होता.

२५ जून

लड दोरीवर सरळ. खालचं टोक अर्ध्या वेढ्याने वळलंय, तेही पदरांच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पीळ केसभर जास्त. ११५ मीटर होतं, धुतल्यावर ११० भरलं. पट्टीवर गुंडाळून पाहिलं तर एका इंचात १४ वेढे बसले.

एकूण वेळ: कातायला सरावासकट साडेतेरा तास. गुंडे, पीळ, पुन्हा पीळ, गुंते आणि धुणं मिळून आणखी सहा. त्यातले अडीच तास निव्वळ चुकांचे. लोकर दहा ग्रॅम वाया, त्यात पहिल्या दिवशीची गाठोडी जास्त.

२८ जून

नमुन्याची पट्टी विणली, २४ टाके, एक ओळ सुलट, एक उलट, म्हणजे तिरकेपणा लपणार नाही. शेजारी गेल्या वर्षीच्या एकेरी सुताची उरलेली पट्टी ठेवली. तिच्या उभ्या रांगा वरच्या बाजूला बोटभर कलल्या आहेत. नवीच्या रांगा फूटपट्टीला समांतर. नवी पट्टी भिजवून, वाळवून पुन्हा मोजली. तशीच.

उरलेलं १३ मीटर एकेरी सूत हातावर गुंडाळून, दोन्ही टोकं एकत्र घेऊन, स्वतःशीच पिळलं. साडेसहा मीटरपेक्षा थोडं कमी दुपदरी निघालं. टोपीच्या गोंड्याला पुरेल, असं आत्याला कळवलं. तिचं उत्तर आलं, "गोंडा नको. आधी समोर बघणारी टोपी दे."